‘येऊ की नको?’ असं विचारू नकोस

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी मूळची नागपूरची, सध्या दिल्लीत पोस्ट-डॉक करते. डिसेंबरमध्ये नागपुरातल्या एका संस्थेत सहायक प्राध्यापक पदासाठी माझी मुलाखत होती. दहा वाजता हजेरी, अकरापासून मुलाखती. सकाळी सहाचं विमान होतं, पावणेआठला नागपूर. पहाटे 5:20 ला मेसेज आला की धुक्यामुळे विमान साडेआठला सुटेल. मला वाटलं, जमून जाईल, म्हणून कुणाला कळवलं नाही. मग वेळ 10:10 झाली. तेव्हा घाबरून 9:40 ला समितीला लांबलचक मेल केली. झाला प्रकार सांगितला, तीन-चारदा माफी मागितली आणि शेवटी लिहिलं, ‘अशा परिस्थितीत मी मुलाखतीस यावे की नाही, कृपया कळवावे.’ विमान 10:35 ला उडालं, सव्वाबाराला नागपूरला उतरले. मेलला उत्तर नव्हतं. उत्तर नाही म्हणजे नकोच म्हणत असतील, असं समजून मी सरळ त्रिमूर्ती नगरला घरी गेले. तीन वाजता ऑफिसातून फोन आला, ‘मॅडम, तुम्ही आलाच नाहीत? समिती पावणेतीनपर्यंत बसली होती.’ मला रडूच फुटलं. जानेवारीत नागपुरातच दुसऱ्या संस्थेत मुलाखत आहे. परत असं झालं तर मेल कशी लिहायची? आणि माझं नेमकं काय चुकलं?
– एक वाचक, नागपूर

उत्तर

तुझं पत्र वाचून माझा जीव हळहळला. कारण त्या फोनच्या पलीकडे जी बाई होती ना, ते काम मी सव्वीस वर्षं केलं आहे. संस्थेच्या आस्थापना विभागात होते मी. मुलाखतींच्या दिवशी समितीच्या दाराबाहेर जे टेबल मांडतात, त्यावर हजेरीचा कागद, उमेदवारांच्या फायली आणि पाण्याचा जग घेऊन मीच बसायची. तेव्हा तुझी मेल पलीकडे पोहोचल्यावर तिचं काय होतं, ते आधी सांगते. ते एकदा डोळ्यांसमोर आलं की मेल कशी लिहायची हे तुझं तुलाच सुचेल.

मुलाखतपत्रावर जो ई-मेल पत्ता असतो, तो समितीचे सदस्य उघडत नाहीत. तो ऑफिसचा असतो. सदस्य आत बसलेले असतात, त्यात बाहेरगावचे विषयतज्ज्ञ असतात आणि त्यांचे फोन बहुतेक बंदच. मेल उघडतो ऑफिसातला एखादा लिपिक. तोही त्या सकाळी मूळ प्रमाणपत्रं तपासण्यात, झेरॉक्स काढण्यात आणि कुणाचं जात वैधता प्रमाणपत्र राहिलं म्हणून फोनाफोनीत बुडालेला असतो. त्यातून त्याने तुझी मेल पाहिली की तो बाहेरच्या टेबलावर येऊन सांगतो, ‘मॅडम, सात नंबरची मेल आहे, विमान उशिरा आहे म्हणे.’ मग मी एका चिठ्ठीवर लिहायची: ‘क्र. 7, विमान उशिरा, 1:15 ला येते, शेवटी घ्यायचे का?’ दोन उमेदवारांच्या मधल्या मिनिटात शिपायाच्या हाती चिठ्ठी आत जायची. अध्यक्ष त्याच चिठ्ठीवर ‘हो’ लिहून सही करायचे आणि ती परत यायची. निर्णय होतो तो असा, चिठ्ठीएवढ्या कागदावर, अर्ध्या मिनिटात.

आता तुझी मेल घे आणि त्यातून ही चिठ्ठी लिहून बघ. लिहिता येत नाही. किती वाजता पोहोचशील हे त्यात नाही. तुला काय हवं आहे, शेवटी घ्यावं, व्हिडिओवर घ्यावं की दुसरा दिवस द्यावा, तेही नाही. लिपिकाच्या हातात उरतो तो फक्त प्रश्न, ‘यावे की नाही’. आणि हा प्रश्न ऑफिसातल्या माणसाला फार अवघड जातो. ‘या’ म्हणायचा अधिकार त्याला नाही, कारण अध्यक्षांनी नकार दिला तर तू त्याचंच नाव सांगशील. ‘येऊ नका’ म्हणायचा तर त्याहूनही नाही, कारण एका उमेदवाराला परत पाठवल्याचं बालंट तो अंगावर का घेईल? म्हणून तो गप्प राहतो. ती मेल तशीच पडून राहते. त्यात नकार नव्हता गं, उत्तर देण्याची कुणाची हिंमतच नव्हती.

तुझी चूक माझ्या मते एवढी एकच. उशीर ही चूक नाही, धुकं तुझ्या हातात नव्हतं. माफी कमी पडली म्हणावं तर तीही भरपूर होती. तू प्रश्न असा विचारलास की समोरचा गप्प राहिला तर त्याचा अर्थ ‘नको’ असा निघेल. त्याच प्रश्नाची बाजू उलटी करायची. तू लिहायचंस, ‘मी येत आहे आणि 1:15 पर्यंत दारात हजर असेन. मला शेवटी घेता आलं तर कृपा होईल. हे शक्य नसेल तर या नंबरवर कळवावं.’ आता गप्प बसणं म्हणजे ‘ये’ झालं. नाही म्हणायचं असेल तर त्यांना मुद्दाम कळवावं लागेल आणि ते कळवतीलही, कारण त्यासाठी अध्यक्षांचं उत्तर त्यांच्या हातात असेल.

यात उद्धटपणा होतो का, असं तुला वाटेल. मला नाही वाटत. निर्णय समितीचाच राहतो, तू फक्त त्यांचं काम सोपं करून देतेस. अध्यक्षांना ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहायचं असतं.

आता ती वेळ कशी काढायची, यावर जरा थांबते, कारण सगळ्यांचं घोडं इथेच अडतं. विमान कंपनीच्या मेसेजमध्ये जी वेळ असते ती विमान सुटण्याची. समितीला हवी असते तू दारात उभी राहण्याची. मधला हिशेब तुला करावा लागतो. तुझंच उदाहरण घेऊ. पहाटे 5:20 ला नवी वेळ मिळाली साडेआठची. तुझ्याच तिकिटावर दिल्ली-नागपूर पावणेदोन तास लिहिलेत, म्हणजे सव्वादहा. धुक्याच्या दिवशी विमानं धावपट्टीपाशी रांगेत उभी राहतात, त्यासाठी अर्धा तास धर: पावणेअकरा. विमानातून उतरून बाहेर पडायला पंधरा मिनिटं, तीही सामान केबिनमध्येच असेल तर. पट्ट्यावरून बॅग घ्यायची असेल तर आणखी वीस धर. मग सोनेगावहून गाडी. संस्था अमरावती रोडच्या बाजूला असेल तर वर्धा रोडची गर्दी धरून पस्तीस-चाळीस मिनिटं. झाले अकरा पस्तीस-चाळीस. म्हणजे 5:20 च्या पहिल्या मेसेजलाच दहाची हजेरी हुकली होती! तुला ‘जमून जाईल’ वाटलं, कारण तू साडेआठ हा आकडा बघत होतीस.

त्यामुळे पहिली मेल 5:20 लाच जायला हवी होती. पहाटे कोण वाचणार, असा विचार करू नकोस. ऑफिस उघडून संगणक सुरू झाला की ती समोर असते आणि तेव्हा लिपिकाच्या हातात अजून गर्दी नसते. 9:40 ला पाठवलेली मेल नेमकी हजेरीच्या धांदलीत येऊन पडते.

दुसरं, धुक्यातली पहिली सुधारित वेळ शेवटची नसते. ती पुढे सरकतच जाते. कितपत भरवसा धरायचा हे ओळखायची एक खूण आहे. ज्या विमानाने तू जाणार, ते दिल्लीत येऊन उभं आहे का, की अजून दुसऱ्या गावाहून यायचं आहे? काउंटरवर विचारलं तर सांगतात, विमानांचा माग दाखवणाऱ्या अ‍ॅपवरही दिसतं. ते अजून उतरलंच नसेल तर उतरल्यावर प्रवासी खाली, साफसफाई, इंधन आणि तुमचं बोर्डिंग यात अर्धा-पाऊण तास जातोच. ते यायच्या आत फलकावर काहीही लिहिलेलं असो, त्या वेळेला तू सुटत नाहीस. म्हणून मेलमध्ये विमान कंपनीची वेळ जशीच्या तशी देऊ नकोस. आपला हिशेब करून, थोडी ढिली वेळ दे. सव्वाचं सांगून एक वाजता पोहोचलीस तर तुझा शब्द खरा ठरतो. साडेबाराचं सांगून एक वाजता पोहोचलीस तर त्या दिवशी दुसऱ्यांदा उशीर झाला.

तिसरी गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. विमान एकदा उडालं की तू जवळजवळ दोन तास गायब होतेस. आणि नेमक्या त्याच दोन तासांत तुझी मेल वाचली जाते, चिठ्ठी आत जाते. लिपिकाला काही विचारायचं असलं तरी फोन बंद. तुला उलट विचारल्याशिवाय निर्णय होणार नसेल तर निर्णय होणारच नाही. म्हणून मेलमध्ये सरळ लिहायचं की 10:15 ते 12:30 या वेळात माझा फोन बंद असेल, जो निर्णय होईल तो मेल किंवा एसएमएसने कळवावा, उतरताच वाचेन. त्यामुळे त्यांचे चार फोन ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ म्हणून वाया जात नाहीत आणि ‘बाई फोनही उचलत नाहीत’ असा शेरा पडत नाही. घरच्या कुणाचा नंबर दिला तर चालतो, पण फक्त निरोप घेण्यापुरता. आई-वडिलांनी किंवा भावाने ऑफिसात जाऊन ‘थोडं सांभाळून घ्या’ म्हणणं अजिबात नको. नागपुरात कुणाची तरी कुणाशी ओळख निघतेच, म्हणून हे मुद्दाम सांगते.

त्याच ओघात अजून एक. समितीतल्या एखाद्या सदस्याचा नंबर तुझ्याकडे असेल, तुझ्या गाइडचे ते मित्र असतील, तरी त्यांना फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅप करू नकोस. बऱ्याच जाहिरातींत शेवटी एक ओळ असते की कोणत्याही प्रकारे शिफारस वा दबाव आणणारा उमेदवार अपात्र ठरेल. तुझा हेतू फक्त उशीर कळवायचा असेल, पण सदस्याच्या फोनवर उमेदवाराचा मेसेज दिसणं हेच वाईट. ते सदस्यही अवघडतात. मुलाखतपत्रावरचा पत्ता, मुलाखतपत्रावरचा फोन, बस. आणि मेल त्याच आयडीवरून कर ज्यावरून अर्ज भरला होतास. ऑफिसात नाव शोधतात ते त्या आयडीवरून.

आता मेल. तुझ्या त्या 9:40 च्या क्षणासाठी मी लिहून दाखवते. अर्ज क्रमांक मनाचा घातला आहे.

> विषय: सहायक प्राध्यापक (रसायनशास्त्र), अर्ज क्र. 417: विमान विलंब, दु. 1:15 ला हजर होत आहे, शेवटी घेण्याची विनंती
>
> मा. महोदय/महोदया,
>
> आजच्या मुलाखतीसाठी माझी हजेरीची वेळ सकाळी 10:00 होती. दिल्लीतील धुक्यामुळे माझे सकाळी 6:00 चे विमान आता 10:10 ला सुटणार आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.
>
> मी येत आहे. दुपारी 1:15 पर्यंत मूळ कागदपत्रांसह मुलाखतीच्या ठिकाणी हजर राहीन. समितीस मान्य असल्यास माझी मुलाखत सर्वांत शेवटी घ्यावी, ही विनंती. तोपर्यंत समितीचे कामकाज संपणार असेल, तर ऑनलाइन मुलाखत किंवा समिती ठरवेल ती अन्य वेळ मला मान्य आहे.
>
> 10:15 ते 12:30 मी विमानात असल्याने फोन बंद राहील. या वेळातील निर्णय कृपया याच मेलवर किंवा एसएमएसने कळवावा. वेगळी सूचना नसल्यास मी थेट हजर होईन.
>
> विमान कंपनीचा मेसेज व बोर्डिंग पास सोबत जोडला आहे.
>
> आपली विश्वासू,
> (नाव, अर्ज क्र., मोबाइल)

विषयाची ओळच बघ. नुसती तेवढी वाचून माझी चिठ्ठी तयार होते, मेल उघडायचीही गरज नाही. ‘अत्यंत महत्त्वाचे’, ‘तातडीचे’ असले शब्द विषयात घालू नकोस. त्या दिवशी ऑफिसात सगळंच तातडीचं असतं, आकडा मात्र डोळ्यात भरतो.

माफी एकदाच आहे आणि ती ‘गैरसोयीबद्दल’ आहे. ‘माझ्या अक्षम्य चुकीबद्दल’ असं लिहू नये. चूक नसताना चूक कबूल केलेलं पत्र फायलीला लागतं, आणि आत गेल्यावर अध्यक्ष मेल वाचूनच बसलेले असतात. विमान कंपनीवर आगपाखडही नको. माझ्याकडे एकदा दीड पानाची मेल आली होती. कंपनीने कसं वागवलं, पाणीसुद्धा कसं दिलं नाही, सगळं त्यात होतं. पोहोचण्याची वेळ मात्र शेवटून दुसऱ्या ओळीत. ती सापडेपर्यंत आत दोन उमेदवार होऊन गेले होते.

पर्यायांचा क्रमही तसाच ठेव: आधी ‘शेवटी घ्या’, मग बाकीचं. शेवटी घेणं समितीला सगळ्यात सोपं, त्यासाठी कोणताही नियम वाकवावा लागत नाही. ऑनलाइन मुलाखत बऱ्याच संस्थांत त्या दिवशी ऐनवेळी देता येत नाही, कारण मूळ कागदपत्रं तपासायची असतात आणि सगळ्या उमेदवारांना एकच पद्धत लावायची असते. म्हणून ती मागणी म्हणून लिहू नकोस, मान्य आहे एवढंच लिही. दुसरा दिवस तर जवळपास अशक्यच. बाहेरगावच्या तज्ज्ञांना पुन्हा बोलावणं म्हणजे पुन्हा सगळ्यांच्या तारखा जुळवणं आणि प्रवासखर्च मंजूर करून घेणं. आणि लोकसेवा आयोगासारख्या ठिकाणी वेळापत्रक पक्कं असतं, तिथे मुलाखतपत्रावरच्या सूचना आधी वाच. त्यात बदल होणार नाही असं स्पष्ट लिहिलं असेल तर मेल फक्त नोंद म्हणून राहील, हे मनाशी धरून चाल. खासगी कंपनीत उलट आहे. तिथे एचआरला एक फोन आणि दोन ओळींचा मेसेज पुरतो, आणि ऑनलाइन घेऊ या का, हे बहुतेक वेळा तेच विचारतात.

सोबत जोडायच्या कागदांबद्दल. नागपुरात त्या दिवशी लख्ख ऊन असतं. समितीला दिल्लीचं धुकं खिडकीतून दिसत नाही. म्हणून विमान कंपनीच्या मेसेजचा स्क्रीनशॉट जोडायचा, त्यात जुनी आणि नवी अशा दोन्ही वेळा दिसल्या पाहिजेत. बोर्डिंग पासचा फोटो जोडताना पीएनआर आणि बारकोड झाकून टाक. नाव, विमान क्रमांक, तारीख दिसली की पुरे. पीएनआर आणि आडनाव हाती लागलं तर कुणीही तुझं बुकिंग उघडू शकतं. नंतर विमान कंपनीकडून विलंबाचं प्रमाणपत्रही मागून घे. बहुतेक कंपन्या ते मागितल्यावर देतात. मुलाखतीच्या दिवशी त्याची वाट बघत बसू नको, ते फायलीसाठी.

वेळ बदलली की नवी मेल लिहायची नाही. त्याच मेलला उत्तर म्हणून पहिल्या ओळीत नवी वेळ टाकायची: ‘सुधारित: आता 1:15 ऐवजी 1:45.’ एकाच उमेदवाराच्या तीन वेगवेगळ्या मेल आल्या की लिपिक जी आधी उघडतो तीच खरी धरतो.

आणि ऑफिस उघडल्यावर, बोर्डिंगच्या आधी, एक फोन. एकच मिनिट बोलायचं. ‘मी अर्ज क्रमांक 417, मेल केली आहे, विमान उशिरा आहे, सव्वाला पोहोचते. आज किती उमेदवार आहेत हो?’ हा शेवटचा प्रश्न फार कामाचा. समज बारा उमेदवार आहेत. माझ्या अनुभवात एकेकाला पंधरा मिनिटं धरली की तीन तास होतात. अकराला सुरू झालं आणि दीडला जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी धरली तर समिती अडीचपर्यंत बसणारच. सव्वाला पोहोचणारी तू आरामात मध्ये बसतेस. फक्त चारच उमेदवार असतील तर बाराला सगळं संपतं, आणि तेव्हा पहिल्याच ओळीत ऑनलाइनबद्दल लिहावं लागेल. तुझ्या वेळी समिती पावणेतीनपर्यंत होती. हा प्रश्न विचारला असतास तर सव्वाबाराला उतरल्यावर तू घराकडे वळली नसतीस.

आता उतरल्यावरचं. मेलला उत्तर असो नसो, तू संस्थेतच जायचंस. स्पष्ट लेखी ‘येऊ नये’ आलं असेल तरच घरी. गाडीत बसल्यावर त्याच मेलवर एक ओळ टाक, ‘12:15 ला उतरले, 1:00 पर्यंत पोहोचते.’ पोहोचल्यावर बाहेरच्या टेबलावर जा आणि हजेरीच्या कागदावर सही करून पुढे वेळ लिही. तुझ्या नावापुढे तोवर ‘अनुपस्थित’ लिहिलेलं असलं तर घाबरू नको, समिती उठेपर्यंत ते बदलता येतं. मी कितीदा ते खोडून बाजूला वेळ घालून सही केली आहे. समिती उठल्यावर मात्र तोच शब्द इतिवृत्तात जातो, आणि मग कुणाच्याच हाती काही उरत नाही.

समिती उठून गेली असेल किंवा अध्यक्षांनी नाही म्हटलं, तर दारात हुज्जत घालू नको. एका कोऱ्या कागदावर चार ओळींचा अर्ज लिही: किती वाजता आले, का उशीर झाला, मुलाखतीसाठी विचार व्हावा. सोबत बोर्डिंग पासची झेरॉक्स लाव. तो आवक-जावक टेबलावर दे आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि वेळेसह शिक्का घे. फोनवर कुणी काय बोललं ते दोन दिवसांनी कुणालाच आठवत नाही. शिक्क्याची प्रत तुझ्याजवळ राहते.

आत बोलावलं तर बसताना एकच वाक्य, ‘उशिराबद्दल दिलगीर आहे, थांबल्याबद्दल आभार.’ पुढे विमानाचा विषय तू काढायचा नाहीस. त्यांनी विचारलं तर एका वाक्यात उत्तर, आणि मग संशोधनाकडे.

डिसेंबरच्या मुलाखतीबद्दल माझं प्रामाणिक मत सांगते: ती गेली. तू दारात गेली नाहीस, त्यामुळे फेरविचाराला आधारच नाही. पण ज्या बाईंनी तीन वाजता आपणहून फोन केला त्यांना दोन ओळींची आभाराची मेल कर, आणि मी उत्तराची वाट बघून घरी गेले, हा गैरसमज माझा होता, एवढं लिही. कुणाच्या तरी मनात तुझी काळजी होती म्हणून तो फोन आला. त्या संस्थेची जाहिरात पुन्हा निघेल तेव्हा त्या बाई तिथेच असतील.

जानेवारीच्या मुलाखतीला आदल्या दिवशीच ये. दुपारचं विमान घे, कारण दिल्लीचं धुकं पहाटे दाट असतं आणि ऊन चढलं की विरतं. पहाटेची पहिली फेरीच सगळ्यात जास्त अडकते. तेव्हा सकाळच्या विमानावर मुलाखत टांगून ठेवू नको. रेल्वेने यावं म्हणशील तर धुक्याच्या दिवसांत मथुरा-आग्र्याकडे गाड्याही रखडतात, त्यामुळे तिथेही एक दिवस हाताशी हवाच. मूळ प्रमाणपत्रांची फाइल पाठीवरच्या पिशवीत ठेव, बॅगेत नाही.

आणि वर लिहिलेली मेल आजच फोनमध्ये मसुदा म्हणून ठेव. पद, अर्ज क्रमांक, ऑफिसचा पत्ता आत्ताच भर, फक्त वेळांच्या जागा मोकळ्या राहू दे. पहाटे पाच वाजता विमानतळावरच्या खुर्चीत, हात थरथरत असताना, तुला फक्त वेळांचे आकडे भरावे लागतील. मुलाखत झाली की मला कळव, मी वाट बघते आहे.